राउटर पाच वर्षांचा झाला, म्हणून बदलायचा?

२०२० साली शाळा फोनवर आली आणि ऑफिस जेवणाच्या टेबलावर. तेव्हा अनेकांनी दुकानात जो मिळेल तो राउटर, सांगितली त्या किमतीला उचलला. त्या खेपेच्या राउटरांना आता पाच वर्षं उलटून गेलीत. व्हिडिओ कॉल अडकला किंवा टीव्हीवर गोल फिरायला लागलं की घरात पहिला संशय त्यांच्यावर येतो, आणि दुकानदार वय विचारून लगेच निकाल देतो, "पाच वर्षं झाली ना? मग बदलूनच टाका."

वय हे राउटर बदलायचं कारण होऊ शकत नाही. खरी कारणं तीन. तुम्ही पैसे मोजता तो वेग त्याच्या पोर्टमधून किंवा रेडिओतून जातच नाही, हे पहिलं. त्याचं यंत्र थकलंय, हे दुसरं. आणि कंपनीने त्याचे सुरक्षा अपडेट देणं बंद केलंय, हे तिसरं. यातलं तिसरं सर्वांत गंभीर, पण ते डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे लोक पहिल्या कारणासाठी पैसे घालवतात आणि तिसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

डोंबिवलीतल्या एका ओळखीच्या घराचं उदाहरण घेतो. सव्वासहाशे चौरस फुटांचा दोन बेडरूमचा फ्लॅट, घरात काका-काकू, मुलगा आणि सून. मुलगा नि सून दोघंही आठवड्यातले काही दिवस घरून काम करतात. राउटर २०२० सालचा, दोन बँडचा, चार अँटेनांचा. तो घेतला तेव्हा प्लॅन ५० एमबीपीएसचा होता. पुढे नेट कंपनीने त्याच पैशांत तो २०० केला. तक्रार अशी, की मागच्या बेडरूममध्ये सुनेचे कॉल तुटतात.

"दोनशेचा प्लॅन आहे म्हणे, आणि आमच्याकडे चहा होईपर्यंत सिनेमा सुरू होत नाही," काकू म्हणाल्या. "तू नवीन कुठला घ्यायचा तेवढं सांग."

नवीन कुठला हे सांगायच्या आधी एक छोटी तपासणी करावी लागते. नेट तीन टप्प्यांतून येतं: बाहेरची लाइन, राउटर आणि घरातली हवा. कुठला टप्पा कमी पडतोय ते शोधायचं. वाय-फायवर स्पीड टेस्ट घेतली तर तिन्ही टप्पे एकदम मोजले जातात, आणि दोष कुणाचा ते कळत नाही. म्हणून सुरुवात केबलने करायची.

या घरात फायबरची तार एका छोट्या पांढऱ्या पेटीत येते. ही पेटी, म्हणजे ओएनटी, फक्त प्रकाशाचा संदेश विजेच्या संदेशात बदलते. तिच्यातून एक केबल राउटरला जाते. ती केबल राउटरमधून काढून थेट लॅपटॉपला लावली, नेट कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड लॅपटॉपवर टाकून जोडणी केली आणि वेग मोजला. तो आला २०४. म्हणजे लाइन चोख. मग केबल पुन्हा राउटरला लावून लॅपटॉप राउटरच्या मागच्या पोर्टला जोडला. वेग आला ९४.

हा ९४चा आकडा ओळखून ठेवण्यासारखा आहे. शंभर एमबीपीएसच्या पोर्टमधून, पत्ते आणि वेष्टणाची वजावट जाता, प्रत्यक्षात साधारण ९३ ते ९५च मिळतात. स्पीड टेस्टचा काटा दर वेळी याच जागी येऊन थांबत असेल, तर वाटेत कुठेतरी शंभरचं पोर्ट आहे असं समजावं. दीड इंची नळ घरात आणला आणि तोटी अर्ध्या इंचाची ठेवली तर पाणी तोटीच्या मापाचंच येणार. २०२०च्या आसपास विकले गेलेले कितीतरी स्वस्त दोन बँडी राउटर असेच आहेत. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० एमबीपीएस, आणि मागची पोर्टं शंभरची.

पण ९४ दिसलं म्हणून राउटरला लगेच दोषी ठरवू नये. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. शंभर एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. टोकाच्या प्लगमध्ये एखादी तार नीट दाबली गेली नसेल, किंवा दाराखाली केबल चेपली असेल, तर चांगलं गिगाबिट पोर्टही गुपचूप शंभरवर उतरतं. त्यामुळे एक धड केबल लावून पुन्हा मोजायचं. लॅपटॉपचं पोर्टही बघायचं, कारण जुन्या लॅपटॉपची आणि स्वस्त यूएसबी जोडण्यांची पोर्टंही अनेकदा शंभरचीच असतात. इथे थेट पेटीवर २०४ आलेच होते, म्हणजे लॅपटॉप आणि ती केबल दोन्ही ठीक. राउटरच्या खालच्या लेबलावरचं मॉडेल बघितलं, तर पोर्टं शंभरचीच निघाली.

इथपर्यंत आल्यावर कुणीही म्हणेल, सापडला चोर. पण सुनेची तक्रार ९४ मिळण्याची नव्हती, कॉल तुटण्याची होती. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस सुचवतं, साध्या एचडीसाठी ५. एचडी व्हिडिओ कॉलला चारच्या आसपास पुरतात. टीव्हीवर फोर-के, काकांच्या फोनवर एचडी आणि दोन कॉल, सगळं एकाच वेळी चालू असलं तरी बेरीज तिशीच्या आत राहते. ९४मध्ये हे तीनदा मावेल. घोटाळा दुसरीकडे होता.

बेडरूममध्ये लॅपटॉप नेऊन विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, ही आज्ञा दिली:

```
netsh wlan show interfaces
```

समोर येणाऱ्या यादीत चार ओळी कामाच्या असतात. `Radio type` म्हणजे वाय-फायची कुठली पिढी, `Channel` म्हणजे कुठला चॅनल, `Receive rate` म्हणजे राउटर आणि लॅपटॉप यांच्यात ठरलेला वेग, आणि `Signal` म्हणजे टक्क्यांत रेंज. इथे चॅनल ६ दिसला. १ ते १३ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा बँड, ३६च्या पुढे ५ गिगाहर्ट्झचा. म्हणजे बेडरूममध्ये लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झ सोडून जुन्या बँडवर आला होता. अँड्रॉइड फोनमध्ये वाय-फायच्या नावावर टिचकी मारून तपशील उघडले की बँड आणि लिंक स्पीड दिसतं. आयफोन ही माहिती सहज दाखवत नाही.

मग दुसरी आज्ञा:

```
ping -n 50 192.168.1.1
```

हा आकडा राउटरचा घरातला पत्ता. काही राउटरांचा `192.168.0.1` असतो. `ipconfig` लिहिलं की `Default Gateway`च्या पुढे आपला नेमका पत्ता सापडतो. या आज्ञेने लॅपटॉप फक्त राउटरला हाक मारतो, बाहेरच्या नेटचा यात संबंध नाही. एका फ्लॅटच्या आत उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत यायला हवं. बेडरूममधून मारलेल्या हाकांना काही ३ मिलिसेकंदांत उत्तर आलं, काहींना १८०, २४०, आणि मधूनच `Request timed out.` बाहेरची लाइन चोख असताना घरातल्या घरात एवढे हेलकावे येतात, तेव्हा दोष हवेच्या टप्प्याचा. कॉल वेगाअभावी तुटत नव्हता. उत्तरं उशिरा येत होती किंवा वाटेत हरवत होती.

कारण दिवाणखान्यात दिसत होतं. राउटर शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे, खाली टेकवलेला. त्याच्या आणि बेडरूमच्या मध्ये दोन भिंती, आणि दुसऱ्या भिंतीला टेकून लोखंडी कपाट. ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीत लवकर दमते आणि लोखंडाच्या पत्र्यापुढे तर सपशेल हरते. २.४ गिगाहर्ट्झची जरा आत शिरते. पण त्या बँडवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. डोंबिवलीच्या इमारतीत फोनवर वाय-फायची यादी उघडली की शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीसेक नावं सहज दिसतात. सगळे त्याच तीन गल्ल्यांमध्ये दाटीवाटीने उभे. तिथे नवा राउटर आणला तरी त्याच गर्दीत उभा राहणार.

लांब केबल लावून राउटर पॅसेजमध्ये, दाराच्या चौकटीच्या वर भिंतीवर नेला. तिथून दोन्ही बेडरूमना एकच भिंत. रेंज मोजायचं एकक डीबीएम. हा आकडा उणे असतो आणि शून्याकडे जाईल तितका चांगला. उणे ५०च्या आसपास उत्तम, उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर, उणे ७५च्या खाली कटकटी सुरू. फोनमध्ये वाय-फाय मोजणारं फुकट अ‍ॅप टाकलं की हा आकडा दिसतो. बेडरूममध्ये आधी उणे ७४ होते, आता ५ गिगाहर्ट्झवर उणे ६३ आले. तिथला वेग ८८, आणि हाकांची उत्तरं सगळी एकेरी मिलिसेकंदांत. खर्च केबलचा आणि दोन खिळ्यांचा.

तक्रार मिटली, राउटर तोच. बहुतेक छोट्या घरांत गोष्ट इथेच संपायला हरकत नसावी.

थकलेलं यंत्र ओळखायचं कसं, हे या घराच्या बाहेरचं, पण इथेच सांगून टाकतो. राउटर आपोआप बंद होऊन सुरू होतो, दुपारच्या उकाड्यात जास्त. वाय-फायचं नावच यादीतून गायब होतं आणि केबलवर मात्र नेट चालू असतं. दर दोन दिवसांनी बंद-चालू केल्याशिवाय भागत नाही. ही थकव्याची लक्षणं. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने वाळत जातात. ढोबळ हिशेबाने तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. बंद शोकेसमध्ये सेट टॉप बॉक्सवर ठेवलेला राउटर पंख्याच्या वाऱ्यात टांगलेल्या राउटरपेक्षा आधी जातो, तो यामुळे.

मात्र राउटर टाकण्याआधी अ‍ॅडाप्टर बदलून बघावा. अनेकदा राउटर ठणठणीत असतो आणि अ‍ॅडाप्टर मरायला टेकलेला असतो. वीज पुरत नाही, म्हणून राउटर पुन्हा पुन्हा सुरू होतो. नवा घेताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, १२ला १२, ९ला ९. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. पिनेचं माप आणि लेबलावरचं अधिक-उण्याचं चिन्ह जुळवून घ्यावं. हा दोन-तीनशे रुपयांचा खेळ आहे. वीज सारखी जाते अशा गावांत १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लोक लावतात. तोही जुना झाला की हीच लक्षणं दाखवतो, तेव्हा चाचणीपुरता राउटर थेट भिंतीतल्या सॉकेटवर घ्यावा.

आता तिसरं कारण. राउटर हा एक छोटा संगणक आहे. त्याच्या आत फर्मवेअर नावाचं सॉफ्टवेअर असतं आणि त्यात वेळोवेळी भगदाडं सापडतात. कंपनी अपडेट काढून ती बुजवते, पण काही वर्षंच. मग मॉडेल विकणं बंद होतं, अपडेट बंद होतात. भगदाडं सापडणं मात्र बंद होत नाही. मोबाइलचे अपडेट थांबले की निदान फोन जुना झाल्याचं जाणवतं. राउटर कोपऱ्यात हिरवा दिवा लावून गप्प बसतो.

याचं काय होतं ते जगाने पाहिलंय. २०१८च्या मे महिन्यात सिस्कोच्या टालोस या सुरक्षा गटाने व्हीपीएनफिल्टर नावाचा घुसखोर प्रोग्राम उघड केला. किमान ५४ देशांतले सुमारे पाच लाख राउटर आणि घरगुती साठवणीची यंत्रं त्याने ताब्यात घेतली होती. त्यातल्या कित्येक घरांत नेट व्यवस्थित चालत असणार. २०२५च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफबीआयने पुन्हा इशारा दिला: अपडेट बंद झालेल्या जुन्या राउटरांमध्ये गुन्हेगार शिरतात आणि आपली ओळख लपवायला तुमच्या घरातून आपली वाहतूक फिरवतात. म्हणजे गुन्हा त्यांचा, आणि नोंदीत पत्ता तुमचा. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४पासून कायदाच केला, की घरगुती जोडयंत्रं विकताना सुरक्षा अपडेट किती काळ देणार ते कंपनीने सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे खोक्यावर ही तारीख शोधावी लागते आणि बहुधा सापडत नाही.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. राउटरच्या तळाच्या लेबलावर मॉडेलच्या पुढे व्ही१, व्ही३ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही हार्डवेअरची आवृत्ती. नाव एकच असलं तरी प्रत्येक आवृत्तीचं फर्मवेअर वेगळं असतं, म्हणून ती बघणं महत्त्वाचं. मग कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं, त्या आवृत्तीचं सपोर्टचं पान उघडायचं आणि शेवटचं फर्मवेअर कधीचं ते बघायचं. वर्षभरातलं असेल तर ते टाकून घ्यायचं आणि निर्धास्त राहायचं. दोन-तीन वर्षांत काहीच आलं नसेल, किंवा मॉडेल 'एंड ऑफ लाइफ'च्या यादीत असेल, तर राउटर चालू असला तरी त्याचा काळ संपलेला आहे. डोंबिवलीच्या राउटरचं शेवटचं फर्मवेअर २०२१चं होतं.

काकूंना मी तेव्हा सांगितलं, आता बदला. "अरे, आत्ता तर नीट चालायला लागला!" त्यांचं म्हणणं रास्त होतं. वेगासाठी नवा घ्या असं सांगणारे शंभर भेटतात. नीट चालणारी वस्तू काढून टाका, हे पटवणं कठीण. पण त्याच राउटरमधून काकांची बँक जाते आणि सुनेचं ऑफिसही. घराच्या उंबऱ्यावर बसलेलं हे एकच यंत्र आहे, ज्याचा एक पाय कायम बाहेरच्या नेटवर असतो. बदलायला महिना-दोन महिने लागणार असतील तर तोवर राउटरच्या पानावर जाऊन रिमोट मॅनेजमेंट बंद करावं, डब्ल्यूपीएस बंद करावं, आणि त्या पानाचा `admin` हा मूळ पासवर्ड असेल तर बदलावा. याने धोका कमी होतो, जात नाही.

विकत घेण्याआधी एक फोन नेट कंपनीला करावा. राउटर त्यांनी दिलेला आणि त्यांच्याच मालकीचा असेल, तर जुना परत घेऊन नवा देणं अनेकदा फुकटात होतं. फायबरची पेटी आणि राउटर एकाच डब्यात असेल तर आधी तिथेच विचारावं, कारण तो डबा आपल्या मर्जीने बदलता येत नाही. फार तर त्याचं वाय-फाय बंद करून पुढे आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावता येतो.

आता खोक्यावरचे आकडे. छोट्या घराला त्यातले मोजकेच लागतात. पहिलं, सगळी पोर्टं गिगाबिट हवीत, निदान बाहेरून नेट येतं ते वॅन पोर्ट तरी. हे खोक्याच्या पुढे लिहिलेलं नसतं, मागे बारीक अक्षरांत असतं. `10/100` लिहिलं असेल तर खोकं परत ठेवावं, `10/100/1000` हवं. आज प्लॅन चाळीसचा असला तरी, कारण या घरात झालं तसं प्लॅन न सांगता वाढतात.

दुसरं, वाय-फाय ६. त्याचं प्रमाणीकरण २०१९च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं, म्हणजे ही आता जुनी, मुरलेली पिढी आहे आणि किमती खाली आल्या आहेत. छोट्या घरात तिचा फायदा कमाल वेगात फारसा दिसत नाही. तिचा फायदा गर्दीत दिसतो, कारण एकाच वेळी अनेक यंत्रांना थोडं थोडं वाढायची रीत तिच्यात आहे. आज चार माणसांच्या घरात फोन, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा, दिवे धरून पंधरा-वीस यंत्रं सहज होतात. शिवाय वाय-फाय ५ फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालतं. त्या राउटरांचा २.४चा बँड २००९ सालच्या चौथ्या पिढीचाच असतो. सहाव्या पिढीने २.४लाही हात घातला.

इथे एक गोम आहे. दुकानात एएक्स १५०० आणि एएक्स १८०० अशी खोकी शेजारी शेजारी दिसतात. हे आकडे दोन बँडच्या कागदी वेगांची बेरीज असतात. एकच फोन दोन्ही बँड एकदम वापरत नाही, तेव्हा बेरजेला अर्थ नाही. पण फोड करून बघितली तर उपयोग आहे. दोन्हींचा ५ गिगाहर्ट्झचा वेग एकच, १२०१. पंधराशेमधले उरलेले ३०० म्हणजे २.४चा बँड बहुधा जुन्याच पिढीचा. अठराशेमधले ५७४ म्हणजे तोही सहाव्या पिढीचा. किमतीत थोडाच फरक असेल तर अठराशे घ्यावा. एएक्स ३०००चा जास्तीचा वेग दुप्पट रुंद चॅनलमधून येतो. तो चॅनल रडारच्या वाट्याच्या पट्ट्यात शिरतो, रडारचा संशय आला की राउटरला जागा सोडावी लागते, आणि बऱ्याच फोनना तो रुंद चॅनल वापरताही येत नाही.

फोनची मर्यादा लोक विसरतात. बहुतेक चांगल्या फोनमध्ये दोनच अँटेना असतात, स्वस्त फोनमध्ये एकच. एक अँटेना आणि पाचवी पिढी असेल तर लिंक स्पीड ४३३च्या वर जाणार नाही, राउटर कितीही भारी आणा. राउटरवरच्या सहा-आठ अँटेनांचं तसंच. रेंज अँटेनांच्या संख्येने ठरत नाही, आणि फोनचा क्षीण आवाज राउटरपर्यंत परत पोचायला हवा हेही त्यात आलं. खोक्यावरचे ३,००० चौरस फूट कुठल्या मोकळ्या मैदानात मोजले ते कंपनीलाच ठाऊक. गेमिंगचे लाल दिवे, तीन बँड, वाय-फाय ७, हे सगळं दोन खोल्यांच्या घरात बिनधास्त सोडून द्यावं.

तिसरं, डब्ल्यूपीए३ ही सुरक्षा आणि आपोआप होणारे अपडेट. डब्ल्यूपीए३ बहुतेक वाय-फाय ६ राउटरांत येतंच. अपडेटचं बघायला घेण्याआधी फोनवरून त्या कंपनीचं सपोर्टचं पान उघडावं आणि तिच्या तीन-चार वर्षं जुन्या मॉडेलला अजून फर्मवेअर मिळतंय का ते पाहावं. कंपनी जुन्या गिऱ्हाइकाशी कशी वागते तेच आपल्याशी वागणार. याच कसोटीवर डोंबिवलीसाठी दोन खोकी बाद झाली.

मेश? एवढ्या घरात नको. दोन मजली बंगली असेल, किंवा जुन्या दगडी वाड्यात राहत असाल, तर दुसरा राउटर केबल टाकून अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावावा. भिंतीत खोचायचा स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

नवा राउटर लावायच्या आधी जुन्यातलं युजरनेम-पासवर्ड कागदावर उतरवून घ्यावं. ते हाताशी नसेल तर कंपनीकडून घ्यावं, नाहीतर शनिवारी संध्याकाळी घर नेटविना बसतं. काही कंपन्या जोडणी जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला बांधून ठेवतात. सगळं बरोबर टाकूनही नेट येत नसेल तर फोन करून नवा मॅक पत्ता नोंदवायला सांगावं. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले की टीव्ही, कॅमेरे, काकांचा फोन आपोआप जोडले जातात. इथे देवघरातला स्मार्ट दिवा तेवढा रुसला. त्याला डब्ल्यूपीए३ समजत नव्हतं. सुरक्षेचा पर्याय डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र केल्यावर तोही लागला. ५ गिगाहर्ट्झचा चॅनल ३६वर पक्का केला. स्पीड टेस्ट दिवाणखान्यात १९६ दाखवू लागली, आणि खरं सांगायचं तर सुनेखेरीज कुणाला फरक जाणवला नाही. तिच्या ऑफिसच्या मोठ्या फायली आता निम्म्या वेळात उतरतात.

जुना राउटर काका गावच्या घरी न्यायचं म्हणत होते. अपडेट बंद झालेलं यंत्र तिथेही तेवढंच उघडं, म्हणून ते रद्द झालं. मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबली, म्हणजे त्यातलं नेटचं युजरनेम आणि घरचा पासवर्ड पुसला गेला. मग राउटर ई-कचऱ्याच्या पेटीत गेला. अ‍ॅडाप्टर तेवढा चांगला होता, १२ व्होल्ट दीड अँपिअरचा, तो काकूंनी डब्यात ठेवून दिला.